टिंबानंतर एकच आकडा

कर्जाच्या कागदांचा गठ्ठा समोर आला की बहुतेक माणसे त्यात एकच गोष्ट शोधतात: सही कुठे करायची. बँकेतल्या माणसालाही ते ठाऊक असते, म्हणून तो आधीच पेन्सिलीने फुल्या मारून ठेवतो. एक फुली, एक सही, पान उलटा. वीस वर्षांचे ओझे अर्ध्या तासात आपल्या नावावर चढते आणि त्या अर्ध्या तासात कागदावरचा मजकूर कुणीच वाचलेला नसतो.

अशाच एका गठ्ठ्यासमोर एक मुद्रितशोधक बाई बसल्या होत्या. उभी हयात त्यांनी पुस्तकांची आणि मासिकांची प्रुफे तपासण्यात घालवली. कर्ज त्यांचे नव्हते, भाच्याचे होते. साताऱ्याजवळ त्याने लहानसा फ्लॅट घेतला होता आणि सोबत कुणीतरी असावे म्हणून मावशीला बँकेत आणले होते. ही हकिगत मला बाईंच्याच तोंडून ऐकायला मिळाली. त्यांना काय दिसले यापेक्षा ते कसे दिसले, हे मला जास्त मोलाचे वाटते.

करारनाम्याच्या शेवटी एक परिशिष्ट असते. आधीची पाने सगळ्या कर्जदारांसाठी सारखीच छापलेली असतात. ज्याच्या-त्याच्या कर्जाचे आकडे या परिशिष्टात भरतात. बाईंनी भाच्याच्या हातातले पेन काढून घेतले आणि तेवढे पान पुढे ओढले. पानावर एक तक्ता होता, डोक्यावर ‘रक्कम रुपये लाखांत’ असे लिहिलेला. मालमत्तेची किंमत २४.७५. कर्जदाराचा स्वतःचा वाटा ६.२५. कर्जाची रक्कम १८५.०.

‘‘अरे, इथे टिंबानंतर एकच आकडा कसा?’’ बाईंनी विचारले.

भाच्याने वाकून पाहिले. ‘‘शून्यच आहे ना गं मावशी शेवटी. शून्य एक काय आणि दोन काय.’’

‘‘वरच्या दोन्ही ओळींत दोन-दोन आहेत. इथेच एक का?’’

इथे जरा थांबायला हवे, कारण सगळी मेख या प्रश्नात आहे. रक्कम दहापट झाली आहे हे बाईंच्या तोवर लक्षातच आले नव्हते. कर्ज किती मंजूर झाले आहे हेही त्यांना नेमके माहीत नव्हते. त्यांच्या नजरेला खटकली ती रक्कम नव्हे, रांग मोडली होती ती खटकली. तक्त्यातले आकडे एकाखाली एक येतात तेव्हा त्यांची दशांश चिन्हेही एका उभ्या रेषेत यायला हवीत. एक चिन्ह त्या रेषेतून सरकले की छपाईच्या माणसाचा हात आपोआप पेन्सिलीकडे जातो. अर्थ नंतर कळतो, आधी डोळा अडतो.

मग बाईंनी मंजुरीपत्र मागितले. त्यात कर्जाची रक्कम होती १८.५० लाख रुपये. म्हणजे अठरा लाख पन्नास हजारांचे कर्ज परिशिष्टात एक कोटी पंच्याऐंशी लाखांचे झाले होते.

१८.५० आणि १८५.० हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. अंक तेच, त्यांचा क्रमही तोच, लांबीही तीच. टंकलेखन करताना बोटे एक कळ पुढेमागे झाली आणि टिंब व पाच यांची अदलाबदल झाली, एवढेच घडले. शेजारशेजारची दोन अक्षरे उलटसुलट पडणे ही टंकलेखनातली नेहमीची चूक. शब्दात ती पडली तर लपत नाही. ‘मराठी’चे ‘मारठी’ झालेले शाळकरी पोरालाही दिसते, कारण ‘मारठी’ असा शब्दच नाही. आकड्यांना असे संरक्षण नसते. आकडा कसाही उलटापालटा झाला तरी त्याचा दुसरा एक धडधाकट आकडाच होतो. १८५.० मध्ये स्वतःहून चुकीचे काही नाही. ती चूक आहे हे कळण्यासाठी शेजारी दुसरा कागद लागतो.

म्हणूनच मुद्रितशोधनात आकड्यांचे वाचन वेगळे करण्याची शिस्त आहे. मजकूर वाचताना आपण शब्द ओळखतो आणि अर्थाच्या ओघात पुढे जातो. त्याच ओघात आकडा आला की डोळा त्याचा पहिला अंक टिपतो, एकूण आकार टिपतो आणि पुढे सरकतो. अठरा-पन्नासची अपेक्षा असलेल्या माणसाला १८५.० मध्येही अठरा-पन्नासच दिसते. भाच्याला तेच दिसले होते. टंकणाऱ्यालाही आणि त्या पानावर तपासल्याची खूण करणाऱ्यालाही तेच दिसले असणार. त्यामुळे आकड्यांसाठी दुसरी फेरी करायची, मजकुराकडे ढुंकूनही न पाहता. पूर्वी छापखान्यांत हे काम दोघे मिळून करत. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने प्रुफावर बोट ठेवायचे. वाचणारा ‘साडेअठरा’ असे म्हणत नसे. तो म्हणे, ‘एक, आठ, टिंब, पाच, शून्य’. साडेअठरा म्हटले की ऐकणारा आपल्या मनातला आकडा कागदावर पाहू लागतो. सुटे अंक ऐकले की कागदावरचाच पाहावा लागतो.

बाईंनी भाच्याला मंजुरीपत्र धरायला लावले आणि तसेच वाचायला सांगितले. ‘‘एक, आठ, टिंब...’’ एवढ्यातच तो थांबला.

टेबलापलीकडच्या अधिकारी बाई अवघडल्या, पण त्यांनी चटकन परिशिष्टातल्या पुढच्या ओळीवर बोट ठेवले. तिथे रक्कम अक्षरी लिहिलेली असते. आकड्यात गडबड असली तरी अक्षरी बरोबर असेल तर निभावते, असा बँकेतला अनुभव. त्याला कायद्याचा आधारही आहे. १८८१ च्या पराक्रम्य संलेख अधिनियमाचे कलम १८ सांगते की चेक, हुंडी किंवा वचनचिठ्ठीवर आकडी आणि अक्षरी रक्कम वेगवेगळी असेल तर अक्षरी रक्कम खरी धरायची. कर्जाचा करारनामा या कायद्यातला संलेख नव्हे, पण करारांचा अर्थ लावतानाही साधारण हीच रीत पाळली जाते. कारण उघड आहे. टिंब एका फटकाऱ्यात इकडचे तिकडे होते. ‘अठरा लाख पन्नास हजार’चे ‘एक कोटी पंच्याऐंशी लाख’ हात घसरून होत नाही.

परिशिष्टातली अक्षरी रक्कम होती, ‘रुपये एक कोटी पंच्याऐंशी लाख फक्त’.

ती रक्कम कुणी हाताने लिहिली नव्हती. आकडा भरला की अक्षरी रक्कम आपोआप छापून येण्याची सोय त्या नमुन्यात होती. मला या सगळ्या प्रकरणात हीच गोष्ट सर्वांत काळजीची वाटते. आकडा एकदा आणि अक्षर एकदा, असे दोनदा लिहिण्याची पद्धत पडली ती दोन वेगवेगळ्या साक्षी असाव्यात म्हणून. लिहिणाऱ्याला रकमेचा दोनदा विचार करावा लागे. एकात चूक झाली तर दुसरी ती उघडी पाडी. आता अक्षरी रक्कम आकड्यावरूनच तयार होते, तेव्हा ती साक्ष उरत नाही, आकड्याचाच प्रतिध्वनी होते. आकडा चुकला तर अक्षरेही त्याच चुकीला दुजोरा देतात, आणि ‘अक्षरी खरी’ हा नियम बरोब्बर उलटा पडतो. दोन्ही जुळतात म्हणून पाहणारा निश्चिंत होतो.

मग खरी स्वतंत्र साक्ष कुठे शोधायची? बाईंनी ती त्याच पानावर शोधली. रक्कम भरणाऱ्याने भरली होती. हप्ता, मुदत आणि व्याजदर मात्र बँकेच्या कर्जप्रणालीतून आले होते. व्याजदर ८.५० टक्के, मुदत २४० महिने, मासिक हप्ता १६,०५५ रुपये. बाईंना हप्त्याचे सूत्र येत नव्हते. त्यांनी शाळेतले सरळव्याज मांडले. एक कोटी पंच्याऐंशी लाखांवर साडेआठ टक्क्यांनी पहिल्या महिन्याचे व्याज किती? वर्षाचे १५ लाख ७२ हजार ५००. त्याला बाराने भागले की सुमारे १ लाख ३१ हजार. हप्ता सोळा हजारांचा आणि नुसते व्याज एक लाख एकतीस हजारांचे! असे कर्ज वीस वर्षांत काय, कधीच फिटणार नाही, उलट दर महिन्याला वाढत जाईल. साडेअठरा लाख धरले तर पहिल्या महिन्याचे व्याज येते १३,१०४ रुपये. हप्त्यातून ते वजा केले की २,९५१ उरतात आणि तेवढी मुद्दल फिटते. हे पटण्यासारखे आहे.

ही पडताळणी कुणालाही करता येते. हप्त्याची रक्कम पहिल्या महिन्याच्या व्याजापेक्षा जास्त असलीच पाहिजे, आणि वीस वर्षांच्या मुदतीत सुरुवातीला ती थोडीच जास्त असते. ज्यांना आणखी नेमके हवे त्यांनी लाखामागचा हप्ता लक्षात ठेवावा. साडेआठ टक्के दराने वीस वर्षांसाठी तो लाखाला सुमारे ८६८ रुपये पडतो. त्याला साडेअठराने गुणा, १६ हजारांच्या थोडे वर येते. दर किंवा मुदत बदलली की हा आकडा बदलेल, पण दशांश चिन्ह सरकले असेल तर फरक पाच-दहा टक्क्यांचा नसतो, दहापट असतो. ढोबळ हिशेबालाही तो दिसतो.

त्याच तक्त्यात आणखी एक साक्ष होती. किंमत २४.७५, स्वतःचा वाटा ६.२५. वजाबाकी केली की १८.५०. पावणेपंचवीस लाखांच्या घरावर एक कोटी पंच्याऐंशी लाख कोण देईल? रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे तीस लाखांपर्यंतच्या गृहकर्जातही घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांहून जास्त रक्कम देता येत नाही. ही वजाबाकी त्या पानाकडे पाहणाऱ्या प्रत्येकाला तोंडी करता आली असती. ती कुणी केली नाही, कारण ते पान कुणी हिशेब म्हणून पाहिलेच नाही. भरून आलेला फॉर्म म्हणूनच ते हातोहात पुढे गेले.

‘‘पण मावशी, पैसे तर साडेअठराच मिळणार होते ना?’’ भाच्याने नंतर विचारले. प्रश्न रास्त आहे. बँकेने जेवढे दिले तेवढेच तिला मागता येते. दोन्ही पक्षांच्या मनात एक रक्कम होती आणि कागदावर दुसरी उतरली, हे सिद्ध झाले तर १९६३ च्या विशिष्ट साहाय्य अधिनियमाच्या कलम २६ खाली न्यायालयाकडून दस्त दुरुस्त करून घेता येतो. पण ‘सिद्ध झाले तर’ या तीन शब्दांत वर्षे जातात. लेखी कराराच्या विरोधात तोंडी पुरावा सहजी चालत नाही. दरम्यान कर्जावरचे मुद्रांक शुल्क रकमेच्या प्रमाणात आकारले जाते, जामीनदार त्या आकड्याला बांधला जातो, आणि मधल्या काळात बँकेतली माणसे बदलतात. सही करण्याआधी जी गोष्ट एक पान नव्याने छापून मिटते तिला सहीनंतर वकील लागतो.

चूक उलट्या बाजूनेही घातक असते, आणि तिचे एक गाजलेले उदाहरण अमेरिकेत घडले. प्रुडेन्शियल या विमा कंपनीने युनायटेड स्टेट्स लाइन्स या जहाज कंपनीला कर्ज दिले होते आणि त्यापोटी जहाजे गहाण होती. १९८०च्या दशकात कर्जाची फेरमांडणी झाली तेव्हा नव्या गहाणखतात येणे बाकी ९,२८,८५,००० डॉलरऐवजी ९२,८८५ डॉलर अशी पडली. शेवटची तीन शून्ये गळली होती. ही कागदपत्रे प्रुडेन्शियलकडे तपासणीला आली आणि तिथून मंजूर होऊन गेली. १९८६ मध्ये जहाज कंपनीने दिवाळे काढले. त्यानंतर गहाण नेमके किती रकमेचे, हा प्रश्न उभा राहिला. दुसऱ्या धनकोच्या दृष्टीने ते कागदावर लिहिले होते तेवढ्याच रकमेचे होते. शेवटी तडजोड करावी लागली आणि प्रुडेन्शियलला सुमारे १ कोटी १४ लाख डॉलरचा फटका बसला. कंपनीने कर्जदाराच्या वकिलांवर दावा लावला, कारण कागद त्यांनी तयार केले होते आणि ते कायदेशीर असल्याचे मतपत्रही दिले होते. १९९२ मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च न्यायालयाने या वकिलांवर काळजी घेण्याची जबाबदारी होती हे मान्य केले. पण कागद वैध आहेत असे मत देणे म्हणजे त्यातल्या रकमेची हमी देणे नव्हे, असे म्हणून दावा फेटाळला. वकील तपासतात कायदा. रक्कम ज्याची, ती तपासायची त्यानेच.

मोठमोठ्या कंपन्यांच्या कागदांत असे होते, तर शाखेतल्या घाईत का होणार नाही? ही घाई टाळण्यासाठी आपल्याकडे आता एक चांगली सोय झाली आहे. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२४ च्या परिपत्रकानुसार, १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या नव्या वैयक्तिक मुदत कर्जांसाठी बँकेने करार होण्यापूर्वी कर्जदाराला ठळक बाबींचे एक विवरणपत्र द्यायचे असते. कर्जाची रक्कम, मुदत, हप्ता, सगळे आकार धरून येणारा वार्षिक दर आणि परतफेडीचा तक्ता त्यात असतो. ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत हवे, म्हणजे मराठीत मागता येते. सात दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीच्या कर्जासाठी हे विवरणपत्र किमान तीन कामकाजाचे दिवस ग्राह्य राहते, तेवढ्यात विचार करून होकार द्यायचा. बँकेच्या टेबलावर फुल्यांच्या मागे धावण्यापेक्षा ते कागद घरी नेऊन, जेवणानंतर दिव्याखाली दोघांनी बसून वाचण्यासाठी हे दिवस आहेत. परिशिष्टाशी ताडून पाहायला याहून चांगला कागद नाही.

अधिकारी बाईंनी पेन उचलले. त्या १८५.० वर काट मारून बाजूला १८.५० लिहिणार, तोच आमच्या बाईंनी हात आडवा केला. ‘‘नको मॅडम. पान नवीन काढा.’’ हा आग्रह योग्यच होता. साध्या करारात खाडाखोड करून दोन्ही पक्षांनी शेजारी सह्या केल्या तर चालते, पण मग अक्षरी रकमेवरही काट, तिच्याजवळही सह्या, प्रत्येक प्रतीवर तेच. एखादी प्रत राहून गेली की दोन कागद दोन रकमा सांगू लागतात. कर्जासोबत घेतल्या जाणाऱ्या वचनचिठ्ठीचे तर आणखी नाजूक आहे. पराक्रम्य संलेख अधिनियमाच्या कलम ८७ प्रमाणे तिच्यात सहीनंतर संमतीशिवाय महत्त्वाचा बदल झाला तर ती रद्दबातल ठरू शकते. सही होण्याआधी कोरे पान छापण्यासारखी स्वच्छ दुरुस्ती नाही.

नवे पान आले. बाईंनी भाच्याला पुन्हा सुटे अंक वाचायला लावले. अक्षरी रक्कम त्यांनी स्वतः वेगळ्या कागदावर हाताने लिहिली आणि मग पानाशी ताडली, म्हणजे गेलेली दुसरी साक्ष त्यांनी पुन्हा उभी केली. भाच्याला वाटले, संपले. तो सहीला वाकला तर मावशी म्हणाल्या, ‘‘ही रक्कम आणखी कुठेकुठे आलीय?’’

प्रूफ वाचणारी माणसे हा प्रश्न सवयीने विचारतात. पुस्तकात एका ठिकाणी सालाची चूक सापडली की ते साल जिथे जिथे आले असेल ती सगळी पाने उघडावी लागतात, कारण चूक बहुधा एकाच मुळातून सगळीकडे गेलेली असते. गठ्ठा पुन्हा उलगडला. वचनचिठ्ठीवर रक्कम अजून भरलेली नव्हती. गहाणाच्या नोंदीच्या कागदावर १८,५०,००० असे पूर्ण रुपयांत होते, बरोबर. जामीनपत्र मात्र त्याच परिशिष्टावरून तयार झाले होते आणि त्यात १८५.० जसेच्या तसे होते, खाली ‘एक कोटी पंच्याऐंशी लाख फक्त’.

जामीनदार होता भाच्याचा थोरला भाऊ. त्याला गावी परतायचे होते म्हणून आदल्या दिवशीच येऊन फुल्या पाहून तो सह्या करून गेला होता. त्याला फोन करून परत बोलवावे लागले. कर्जाचे काम तीन दिवस पुढे गेले. जुन्या जामीनपत्रावर आडवी रेघ मारून ‘रद्द’ असे लिहिले, खाली अधिकाऱ्यांनी सही-शिक्का केला आणि ते भावाच्या हातात परत दिले. मग त्याने नव्या पानावरचा आकडा आधी मोठ्याने वाचला, एकेक अंक, आणि खाली सही केली.